पडवीतला व्यायामाचा तास

जूनच्या मध्याला कोकणातील प्राथमिक शाळा उघडतात आणि त्याच सुमारास शाळेपुढचे मैदान बंद होते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. जांभ्या दगडाच्या पठारावरील मैदान पाऊस थांबल्यावर लवकर निचरते. परंतु भातखाचरांच्या कडेला वसलेल्या शाळेचे मैदान गणपती होऊन गेले तरी चिखलातच असते. या काळात वेळापत्रकातील शारीरिक शिक्षणाच्या तासाचे काय होते, हे शाळांना भेटी देणाऱ्या कोणाही अधिकाऱ्यास ठाऊक आहे. तो तास गणिताला दिला जातो किंवा मुलांना शुद्धलेखन लिहावयास सांगून शिक्षक टपालाचे कागद पुरे करतात. शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. दोन खोल्या आणि पुढे पडवी एवढ्याच वास्तूत अठ्ठावीस मुलांना कसे हलवावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा जो अधिनियम २००९ साली झाला, त्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे; छपराखालील खेळजागेचा उल्लेख त्यात नाही. तेव्हा पडवी हीच पावसाळ्यातील व्यायामशाळा होय, असे धरून चालणे भाग आहे.

प्रस्तुत लेखकाने अशा पडवीत अनेक पावसाळे तास घेतले. त्यातील एका शाळेचे उदाहरण येथे सविस्तर घेतले आहे. प्रत्येक शाळेची मापे निराळी असली तरी हिशेबाची रीत तीच राहते.

जागेचा हिशेब

या शाळेची पडवी ३६ फूट लांब आणि ७ फूट रुंद. वर्ग पाचवीचा, पट २८, तास ३५ मिनिटांचा. कागदावर पाहता ही जागा २५२ चौरस फूट भरते आणि ती पुरेशी वाटते. प्रत्यक्षात तेवढी वापरता येत नाही. पश्चिमेकडून वारा असला की पावसाची झड बाहेरच्या खांबांपासून सुमारे दोन फूट आत येते, म्हणून रुंदीतून दोन फूट वजा करावे लागतात. पडवीच्या एका टोकाला भिंत आणि दुसऱ्या टोकाला पायऱ्या आहेत. भिंतीच्या बाजूस सहा फूट व पायऱ्यांच्या बाजूस चार फूट जागा मोकळी ठेवलीच पाहिजे. उरले ते २६ फूट लांबी आणि ५ फूट रुंदी.

भिंतीजवळची सहा फूट जागा मोकळी ठेवण्याचा धडा लेखक एका चुकीतून शिकला. पहिल्याच वर्षी त्याने पडवीत पळतीची शर्यत लावली आणि भिंतीला हात लावून परतावे असा नियम केला. मैदानावर जो मुलगा खुंटाला वळसा घालतो, तो भिंतीपाशी थांबण्यासाठी वेग कमी करीत नाही. तो भिंतीचाच आधार घेऊन थांबतो. तिसऱ्या फेरीत एका मुलाचे मनगट दुखावले आणि पुढे तीन आठवडे त्याची पाटी कोरी राहिली. त्या दिवसापासून पडवीत भिंतीकडे धावण्याचा कोणताही खेळ घेतला नाही. किंबहुना पडवीत धावणेच नाही, हा नियम ठेवला. मुले चालतील, उड्या मारतील, बसतील, वाकतील, तोल सांभाळतील. पण धावणार नाहीत.

आता २६ फुटांत किती मुले मावतील? दहा वर्षांचे मूल साधारण साडेचार फूट उंचीचे असते आणि दोन्ही हात बाजूला पसरले की बोटांच्या टोकांतील अंतरही जवळजवळ तेवढेच भरते. मुले वर्गाच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली तर त्यांचे हात पडवीच्या लांबीत पसरतात, प्रत्येकास पाच फूट लागतात आणि पाचच मुले नीट मावतात. तीच मुले पडवीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून एकामागे एक उभी केली, तर हात रुंदीत पसरतात व पाच फुटांत बसतात. मग दोघांमध्ये साडेतीन फूट अंतर पुरते आणि सात मुले उभी राहतात. केवळ तोंडे फिरवल्याने दोन मुलांची जागा निघाली. खडूने साडेतीन फुटांवर सात फुल्या आखून ठेवाव्यात. फुली असली की मूल आपली जागा सोडत नाही आणि शिक्षकाचा निम्मा आरडाओरडा वाचतो.

सूर्यनमस्काराचे गणित मात्र वेगळे आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, तेव्हापासून कमी जागेचा व्यायाम म्हणून त्यांची ख्याती आहे, आणि ती योग्यही आहे. तथापि, अष्टांगस्थितीत मूल पूर्ण लांब होते, म्हणून प्रत्येकास सहा फूट लांबी हवी. आमच्या पडवीत एका वेळी चारच मुले नमस्कार घालू शकतात. वर्गात बैठी पट्टी असेल तर ती गुंडाळून खोलीतच सूर्यनमस्कार घेणे बरे. ते जेवणाच्या सुट्टीनंतर घेऊ नयेत. शालेय पोषण आहार झाल्यावर निदान दोन तास गेल्याशिवाय पोटावर दाब येणारे कोणतेही आसन मुलांना करावयास लावू नये. म्हणून पावसाळ्याच्या वेळापत्रकात हा तास सकाळच्या सत्रात ठेवणे इष्ट.

चार गट, एक दार

अठ्ठावीस मुलांपैकी सातच पडवीत मावतात, तेव्हा उरलेल्या एकवीसजणांचे काय, हा खरा प्रश्न आहे. ती बसून पाहत राहिली तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला तासातील सातआठ मिनिटे येतात आणि उरलेल्या वेळात गडबड होते. म्हणून सात-सातचे चार गट करून चार ठिकाणी चार कामे एकाच वेळी सुरू करावीत आणि सहा मिनिटांनी गट पुढच्या ठिकाणी सरकवावेत. सुरुवातीची चार मिनिटे मांडणीला, चार वेळा सहा म्हणजे चोवीस मिनिटे कामाला, तीन बदलांना तीन मिनिटे आणि शेवटी चार मिनिटे शांत बसून श्वास सावकाश होऊ देण्याला. असा ३५ मिनिटांचा तास नेमका भरतो.

शिक्षकाने उभे राहावे ते दारात. पडवीत उभा राहिला तर खोली दिसत नाही आणि खोलीत राहिला तर पडवी दिसत नाही. दाराच्या उंबऱ्यावरून दोन्ही दिसतात. ज्या कामात इजेचा संभव अधिक, ते पडवीच्या दाराजवळच्या भागात ठेवावे.

पहिले ठिकाण पडवी. तेथे सात फुल्यांवर मुले उभी राहून हातापायांचे व्यायाम करतात आणि नंतर लांबीतून आखलेल्या एकाच रेषेवर, टाचेला चवडा लावीत, डोक्यावर लहान पिशवी ठेवून सावकाश चालतात. ऐकण्यास हे सोपे वाटते. परंतु पाचवीतील मुलांपैकी कित्येकांना प्रथम दहा पावलेही रेषेवर पडत नाहीत, हे पाहून शिक्षकास आश्चर्य वाटेल. त्यानंतर त्याच रेषेवर ‘तळ्यात-मळ्यात’. हा खेळ आपल्या मुलांना माहीत असतो. शिकवावा लागतो तो उडीचा शेवट. फरशी कठीण असते, मातीसारखी ती धक्का पोटात घेत नाही. म्हणून चवड्यांवर उतरून गुडघे वाकवावयास सांगावे. मूल हे नीट करते की नाही हे पाहण्याची खूण डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळते: ज्याच्या उतरण्याचा थाडकन आवाज होतो, त्याचे गुडघे ताठ आहेत. ‘मांजरीसारखे उतरा’ एवढे सांगितले तरी निम्म्यांचा आवाज बंद होतो. सलग दहाबारा उड्यांपेक्षा अधिक घेऊ नयेत.

या खेळाचा प्रचलित नियमही थोडा बदलावा लागतो. चुकला तो बाद आणि बाद तो बाजूला, असे केले की जे मूल सर्वांत अडखळते तेच सर्वांत आधी बसते. ज्याला व्यायामाची गरज अधिक त्याला तो सर्वांत कमी मिळतो. म्हणून चुकलेल्याने बसावयाचे नाही. तो रेषेच्या शेवटच्या फुलीवर जातो आणि खेळत राहतो. जिंकणे पुढच्या फुलीवर असणे एवढेच. या एका बदलाने लठ्ठ व लाजाळू मुले तासाला रमू लागतात, असा लेखकाचा अनुभव आहे.

दुसरे ठिकाण खोलीच्या मोकळ्या भागात, पिशवी फेकून झेलण्याचे. चेंडू वापरू नये. चेंडू हातून सुटला की तो पडवीतून बाहेर पावसात जातो, त्यामागे मूल ओल्या पायरीवर धावते आणि अपघात तेथेच होतो. पिशवी जेथे पडते तेथेच राहते. जुन्या जाड कापडाची पाच इंच चौरस पिशवी शिवून तीत शंभर ते सव्वाशे ग्रॅम चिंचोके भरावेत; पिशवी गच्च न भरता एक तृतीयांश रिकामी ठेवावी, म्हणजे ती हातात नीट बसते. शिवण दुहेरी घालावी. तांदूळ किंवा डाळ भरल्यास उंदीर आणि मुंग्या लागतात; खडे भरल्यास चुकून तोंडावर बसलेली पिशवी दुखापत करते. चिंचोके मात्र मे महिन्यात उन्हात खडखडीत वाळवून थोडे भाजून घ्यावेत, नाहीतर ओलीने ऑगस्टपर्यंत त्यांना कीड लागते. अशा पंधरा पिशव्या एका शाळेस पुरतात. दोन मुले सहा फुटांवर समोरासमोर बसून प्रथम दोन्ही हातांनी, मग उजव्या, मग डाव्या हाताने झेलतात. शेवटी दोन पिशव्या एकाच वेळी दोन दिशांनी जातात. ज्या मुलाच्या पायात अधूपणा आहे त्याला येथे कोणतीही सवलत लागत नाही आणि तो बहुधा इतरांना हरवतो.

तिसऱ्या ठिकाणी बसफुगडी. श्रावणातील मंगळागौरीचे खेळ हे मुळात पावसाळ्यातले आणि घरातले. माजघरात किंवा ओसरीवर, चार हात जागेत, रात्रभर शरीर हलते ठेवणारी ही खेळांची परंपरा आपल्या घरांत असताना पावसाळी व्यायामासाठी इतरत्र शोधाशोध करण्याचे कारण नाही. मात्र निवड जाणून करावी. उभी फुगडी आमच्या पडवीत बसत नाही. हात धरून मागे रेललेली दोन मुले फिरतात तेव्हा त्यांना सहासात फूट व्यासाचे वर्तुळ हवे, आणि हात सुटला तर मूल थेट खांबावर जाते. बसफुगडीत ही भीती नाही. दोघे समोरासमोर उकिडवे बसतात, एकमेकांचे हात धरतात आणि एकएक पाय आळीपाळीने पुढे टाकीत जागच्या जागी उसळतात. जोडीस तीनसाडेतीन फूट जागा पुरते. गटात सात मुले असल्याने एक उरते. ते मोजणी करते आणि पुढच्या पाळीला आत येते. हा व्यायाम दिसतो त्यापेक्षा फार जड आहे. सुरुवातीस पंधरा ते वीस सेकंदच घ्यावा व तेवढीच विश्रांती द्यावी; गुडघा दुखतो असे म्हणणाऱ्या मुलास लगेच उठवून झिम्म्याच्या टाळ्यांना लावावे. मुलगे प्रथम हा मुलींचा खेळ म्हणून नाके मुरडतात. एकदा एखाद्या मुलीने तीस मोजेपर्यंत टिकून दाखवले आणि वर्गातला कबड्डीपटू बारावर कोलमडला, की ही तक्रार पुन्हा ऐकू येत नाही.

चौथे ठिकाण नाडी मोजण्याचे. येथे मूल विश्रांती घेते, पण रिकामे बसत नाही. मनगटाच्या आतील बाजूस, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून नाडी शोधावयास शिकवावे. अंगठ्याने मोजू नये, कारण अंगठ्यालाच नाडीचे ठोके जाणवतात आणि मूल फसते. भिंतीवरील घड्याळात पंधरा सेकंद मोजावे व संख्येस चारने गुणावे. शांत बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाची नाडी मिनिटास साधारण सत्तर ते शंभर असते, म्हणजे पंधरा सेकंदांत अठरा ते पंचवीस ठोके. बसफुगडीहून सरळ आलेल्या मुलाचे तीस किंवा अधिक भरावेत. ही नोंद वहीत तक्त्याच्या रूपाने ठेवली की गुणाकाराचा सराव होतो तो वेगळाच; पण तिचा खरा उपयोग शिक्षकास आहे. एखाद्या गटाची नाडी कामानंतरही बाविसावरच राहिली, तर तेथे व्यायाम झालेला नाही, केवळ वेळ गेला, हे निःसंदिग्धपणे कळते. आमच्या पहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदींत पिशवी फेकणाऱ्या गटाची नाडी जवळजवळ हललेलीच नव्हती. मग प्रत्येक दहा झेलांनंतर उठून बसण्याचा नियम घातला आणि आकडे वर आले.

फरशी आणि आवाज

या साऱ्या योजनेवर पाणी पडते ते दोन गोष्टींनी. पहिली फरशी. जुन्या शाळांतून शहाबादी फरशी असते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी ती गुळगुळीत झालेली असते. नव्या दुरुस्तीत जी चकचकीत टाइल बसवली जाते, ती ओली झाल्यावर शहाबादीहूनही वाईट. पाणी सांडलेले दिसते, पुसता येते. न दिसणारी ओल अधिक घातक. दमट दिवशी गार फरशीला घाम सुटतो आणि ती कोरडीच भासते. यासाठी एक साधी परीक्षा आहे. वर्तमानपत्राचा तुकडा फरशीवर ठेवून त्यावर पाय देऊन दहा सेकंद उभे राहावे व तो उचलून उजेडात धरावा. कागदाला ओलीचा डाग उमटला असेल तर त्या दिवशी पडवीत उड्या नाहीत. रेषेवरचे चालणे व जागचे व्यायाम तेवढे घ्यावेत. मुले अनवाणी असावीत. मोजे घालून फरशीवर मुळीच उभे राहू देऊ नये. दारात गोणपाट टाकतात, तेही ओले झाल्यावर घसरते. त्याच्या कडा दोन लाकडी पट्ट्यांत धरून पक्क्या कराव्यात आणि दुपारी ते बदलावे. पडवीच्या बाहेरच्या कडेला जुलैपर्यंत शेवाळ धरते. आठवड्यातून एकदा ब्लिचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशाने ती कड घासली पाहिजे, आणि हे काम मुलांना सांगू नये.

येथे ग्रामपंचायतीचा व शाळा व्यवस्थापन समितीचा संबंध येतो. पडवीचे छप्पर पत्र्याने दोन फूट पुढे काढले आणि पन्हळ बसवून पाणी बाजूला सोडले, तर झडीत जाणारी दोन फुटांची पट्टी पुष्कळशी परत मिळते. वरील पडवीत ३६ फुटांवर दोन फूट म्हणजे ७२ चौरस फूट जागा झाली. खोली बांधण्याच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. फरशी बदलावयाची असेल तर खरखरीत पृष्ठाचीच टाइल मागावी आणि अंदाजपत्रकात तसे स्पष्ट लिहावे, नाहीतर कंत्राटदार दुकानात असेल ती बसवितो. पत्रा मेअखेर चढला पाहिजे. जुलैत मंजुरी आली तर पुढच्या पावसाळ्याचीच वाट पाहावी लागते, हा अनुभव सदस्यांना नवा नाही.

दुसरी अडचण आवाजाची. कौलारू छपराखाली पावसाचा आवाज सोसवतो, पत्र्याखाली जोराची सर आली की शिक्षकाचे बोलणे दोन हातांवर ऐकू येत नाही. शिट्टी वाजवावी तर शेजारच्या वर्गाचा धडा मोडतो, आणि दोनशिक्षकी शाळेत शेजारचा वर्ग म्हणजे चार इयत्ता एकत्र बसलेल्या असतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच खुणा ठरवाव्यात. आम्ही दोन कापडे ठेवली होती: पांढरे वर केले की गट बदलावयाचा, लाल वर केले की जेथे असाल तेथे खाली बसावयाचे. मुलांना हे फार लवकर जमते, कारण ‘शिवाजी म्हणतो’ खेळून खुणेवर थांबण्याची त्यांना सवय असते. लाल कापडाचा उपयोग विजेच्या वेळीही होतो. जूनच्या आरंभी व पुन्हा सप्टेंबरअखेरीस गडगडाट सुरू झाला की पडवीतील गट विनाविलंब खोलीत घ्यावा. लोखंडी खांबांना टेकून कोणासही उभे राहू देऊ नये.

एक मर्यादा मोकळेपणाने सांगितली पाहिजे. पडवीतील व्यायामाने तोल, लवचीकपणा, हातांची नेमबाजी आणि पायांतील जोर येतो. दमसास येत नाही. तो धावूनच येतो. चार महिने पडवीत राहिलेली मुले ऑक्टोबरमध्ये मैदानावर उतरतात तेव्हा त्यांना एकदम खो-खोच्या स्पर्धेस उभे करू नये. पहिले दोन आठवडे अंतर थोडे थोडे वाढवावे. आणि पावसाळ्यातही चारसहा दिवसांची उघडीप येतेच. त्या वेळी वेळापत्रक बाजूला सारून मुलांना जांभ्याच्या कोरड्या सड्यावर किंवा देवळासमोरच्या आवारात न्यावे. तसा आदेश मुख्याध्यापकांनी आधीच देऊन ठेवला असेल तर वर्गशिक्षकास परवानगी मागत बसावे लागत नाही. आमच्या शाळेत त्यासाठी फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट आखलेली असे. सकाळी आकाश पाहून पाळीचा विद्यार्थी तीत ‘पडवी’ किंवा ‘सडा’ असे लिही, आणि दहा वाजेपर्यंत शिक्षकाखेरीज कोणी ते पुसत नसे.